पाच गुणांचे पत्र

रावेरच्या एका उर्दू शाळेत मी मराठी शिकवते. सहामाहीच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असतो, तक्रारपत्र लिहा, गुण पाच. नळाला पाणी कमी येते, गल्लीतला दिवा बंद आहे, असे विषय. मुले मनापासून लिहितात, ‘आम्ही फार त्रस्त आहोत, कृपया लवकर लक्ष द्यावे.’ मी लाल पेनने खाली रेघ मारते आणि बाजूला लिहिते, कधीपासून? कुठे? किती? तेवढ्यावर त्यांचे दोन-तीन गुण जातात.

2024 च्या जुलैमध्ये असे पत्र लिहायची वेळ माझ्यावर आली आणि माझा पहिला मसुदा दोन गुणांचाही नव्हता.

आम्ही बारा फ्लॅटच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. माझ्या भविष्य निर्वाह निधीतले पैसे त्यात गेले, यांच्या केळीच्या वखारीतल्या नोकरीतली वर्षांची शिल्लक गेली आणि अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आपल्या सोन्याच्या पाटल्याही मोडल्या. 14 फेब्रुवारी 2024 ला ताबापत्रावर सह्या होऊन किल्ल्या मिळाल्या. त्या दिवशी अम्मी भिंतींवर हात फिरवत खोल्या-खोल्यांतून हिंडल्या. आयुष्यभर त्यांनी भाड्याच्या घराला चुना मारला होता.

मार्चमध्ये मागच्या खोलीत, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर, फरशीपासून दीड-दोन फुटांपर्यंत रंग फुगला. मे महिन्यात, ऊन पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेले तेव्हा, हॉलमध्ये खांबाच्या कडेने एक उभी भेग दिसू लागली आणि पश्चिमेच्या खोलीत तुळईच्या अगदी खाली एक आडवी. जूनअखेर पाऊस धरला आणि त्याच पश्चिमेच्या खोलीत छताचा कोपरा काळवंडला. अम्मी तिथेच झोपत असत. त्यांना दम्याचा त्रास आहे, आणि बुरशीचा वास खोलीत शिरताच कळत होता.

बिल्डर ओळखीचे. यांचे आणि त्यांचे लग्नकार्यात येणेजाणे. यांनी फोन केला. ते म्हणाले, “नवी इमारत आहे, बसायला वेळ लागतो. पाऊस लागला की थोडी ओल येतेच. माणूस पाठवतो.” माणूस आला, पोपडे खरवडले, पुट्टी भरली, रंग मारला आणि गेला. आम्ही त्याला चहा पाजला, वरून दुआही दिली. तिसऱ्या आठवड्यात रंग पुन्हा फुगला आणि छताच्या कोपऱ्यातला डाग आधीपेक्षा हातभर मोठा झाला.

तेव्हा मला पहिली चूक कळली. ओल कुठून येते हे न शोधता वरून रंग मारला, तर पाणी थांबत नाही, फक्त पुरावा झाकला जातो. मार्चमधल्या त्या फुगलेल्या रंगाचा एकही फोटो मी काढून ठेवला नव्हता.

रागाच्या भरात मी त्या रात्री दोन पानी पत्र लिहिले. विश्वासघात, निकृष्ट दर्जा, गरिबाच्या घामाचा पैसा, सगळे त्यात होते. सकाळी वर्गावर जाण्यापूर्वी ते परत वाचले आणि हात आपोआप लाल पेनकडे गेला. कधीपासून? लिहिलेले नव्हते. कुठे? ‘घरात सर्वत्र.’ किती? ‘प्रचंड.’ असे पत्र हाती पडल्यावर बिल्डर एवढेच म्हणतील की मॅडम रागावल्या आहेत, आणि पुन्हा रंगारी पाठवतील.

यांना तर लेखी देणेच पसंत नव्हते. “ओळखीचा माणूस आहे. कागद गेला की संबंध तुटतात.” त्यावर अम्मी म्हणाल्या, “सूरह बकरहमधली सर्वांत लांब आयत कशाबद्दल आहे? मुदतीचं देणंघेणं लिहून ठेवण्याबद्दल. लिहिणं म्हणजे दुश्मनी असती, तर तसा हुकूम आला असता का?” हे गप्प बसले. मग आम्ही कपाटातून करारनामा काढला.

नोंदणी करताना घाईत सह्या केलेला तो करारनामा आम्ही पहिल्यांदाच वाचत होतो. त्यात एक कलम सापडले. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष निदर्शनास आणल्यास तो प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा. हे काही बिल्डरच्या मनातले औदार्य नव्हते. स्थावर संपदा कायदा 2016, ज्याला आपण रेरा म्हणतो, त्याच्या कलम 14 च्या पोटकलम 3 मध्येच हे आहे. इमारतीच्या सांगाड्यातला दोष असो, कारागिरीतला, मालाच्या दर्जातला की सोयीसुविधांतला, ताब्यापासून पाच वर्षांत तो बिल्डरच्या निदर्शनास आणला तर त्याने जादा पैसे न घेता तीस दिवसांत दुरुस्त करायचा. नाही केला तर घर घेणारा भरपाईला पात्र ठरतो.

यातला ‘निदर्शनास आणला’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटला. नुसता दोष असून भागत नाही, तो मुदतीच्या आत कळवलेला असावा लागतो, आणि तीस दिवस मोजायचे ते कळवल्यापासून. फोनवर कळवले की नाही, केव्हा कळवले, हे उद्या कोण सांगणार? म्हणून पत्र.

करारनाम्यात आणखी एक अट होती. बिल्डरच्या लेखी परवानगीशिवाय बाथरूममध्ये, शौचालयात किंवा स्वयंपाकघरात नळाचे-पाइपाचे काही काम केले आणि त्यामुळे ओल आली, तर ही जबाबदारी संपते. ते वाचून यांचा चेहरा पडला. एप्रिलमध्ये आम्ही कपडे धुण्याच्या मशीनसाठी एक नळ बसवून घेतला होता. “हे लिहू नकोस,” हे म्हणाले. मी विचार केला. नळ मागच्या गॅलरीत होता, ओल धरलेल्या भिंतीपासून दूर, आणि ओल मार्चमध्ये आली होती, नळ एप्रिलमध्ये बसला होता. लपवले तर तोच नळ उद्या आमच्या विरोधात उभा राहील. मी तो पत्रात लिहिला, आणि प्लंबरची तारखेची पावतीही जोडली.

पत्र लिहिण्यापूर्वी माझे एक मामू, सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, घरी येऊन गेले. त्यांनी दोन तास भिंती पाहिल्या आणि मला एक गोष्ट शिकवली. घरात तीन दोष आहेत आणि तिन्हींची कारणे वेगळी आहेत. पत्रात ‘गळती व तडे’ असे एकत्र लिहिले तर एकच उत्तर येईल. तीन दोष तीन परिच्छेदांत लिहिले तर तीन उत्तरे द्यावी लागतील.

बाथरूमच्या भिंतीबद्दल ते म्हणाले, “मार्चमध्ये रावेरला पाऊस कुठला? ही ओल पावसाची नाही.” बाथरूमची फरशी खोलगट स्लॅबवर असते आणि तिच्या खाली भराव असतो. नहाणी ट्रॅपच्या कडेला किंवा पाइपच्या सांध्यात फट राहिली की पाणी त्या भरावात साचते आणि बाजूच्या भिंतीत चढते. ते फरशीपासून वर जाते, म्हणून डाग खालून सुरू होतो. भिंतीवर पांढरा लोणाही फुटतो, कारण पाणी सुकताना आतले क्षार बाहेर सोडून जाते.

छताच्या कोपऱ्याची गोष्ट निराळी. डाग वरून खाली उतरत होता आणि पावसानंतरच वाढत होता. आम्ही गच्चीवर गेलो. कठडा आणि गच्चीची फरशी जिथे मिळतात तिथे सिमेंटची गोलाई काढायला हवी होती, म्हणजे पाणी सांध्यात न थांबता घसरून जाते. आमच्या कोपऱ्यात सरळ काटकोन होता आणि त्यात बोटभर लांबीची फट. तिथेच पावसाच्या पाण्याचा पाइप होता, त्याच्या तोंडाभोवतीचे सिमेंट सुटले होते.

भेगांना मी सर्वांत जास्त घाबरत होते. आपला भाग काळ्या मातीचा. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया पुरेसा खोल नसेल तर इमारत एका बाजूने खचू शकते. मामूंनी सांगितले की तशी भेग बहुधा तिरकी असते, खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून निघून पायऱ्यांसारखी चढत जाते आणि दिवसेंदिवस रुंद होते. तशी दिसली तर घरगुती उपाय करत बसायचे नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायचे. आमच्या भेगा मात्र सरळ होत्या, एक खांबाच्या कडेने आणि एक तुळईखाली. काँक्रीट आणि वीट उन्हात सारखी पसरत नाहीत. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापून पसरतो, रात्री आकसतो, आणि जिथे काँक्रीटला विटांची भिंत भिडते तिथे गिलावा फाटतो. म्हणून गिलाव्याआधी त्या सांध्यावर तारेची जाळी ठोकतात. मामूंनी भेगेजवळचा थोडा गिलावा पेचकसाने उकरला. आत जाळी नव्हती. “यात घर पडायची भीती नाही,” ते म्हणाले, “पण हा कारागिरीतला दोष आहे, आणि तोही पाच वर्षांत येतो.”

जाताना त्यांनी भेगेवर काचेची एक पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवली आणि तिच्यावर तारीख लिहिली. भेग हलत राहिली तर काच तडकते. भेगेच्या दोन्ही टोकांना मी पेन्सिलीने खुणा केल्या, त्यांच्याजवळही तारीख. माझी भूमितीची पट्टी शेजारी धरून फोटो काढले.

मग मी पत्र लिहिले. ते साधारण असे होते:

“प्रति, … विषय: फ्लॅट क्रमांक … मधील बांधकाम दोषांबाबत, ताब्यापासून पाच वर्षांच्या मुदतीत सूचना.

महोदय, सदर फ्लॅटचा नोंदणीकृत करारनामा दिनांक … रोजी झाला असून प्रकल्पाचा महारेरा नोंदणी क्रमांक … आहे. आम्हास दिनांक 14 फेब्रुवारी 2024 रोजी ताबा मिळाला. त्यानंतर खालील दोष आढळले.

एक. मागील खोलीची बाथरूमला लागून असलेली भिंत. ओल मार्च 2024 पासून, पाऊस नसताना. फरशीपासून दोन फूट उंच, पाच फूट लांब.

दोन. पश्चिमेकडील खोलीच्या छताचा नैऋत्य कोपरा. ओल जून 2024 अखेरपासून. अंदाजे तीन फूट बाय दोन फूट. वर गच्चीत कठड्याच्या सांध्यात फट आहे.

तीन. हॉलमध्ये खांबालगत उभी भेग, लांबी चार फूट, आणि पश्चिमेच्या खोलीत तुळईखाली आडवी भेग, लांबी सहा फूट. दोन्ही मे 2024 पासून. रुंदी अंदाजे एक मिलिमीटर. आत जाळी आढळली नाही.

आपण जुलैच्या पहिल्या आठवड्यात रंगकाम करून दिले, परंतु दोष क्रमांक एक व दोन पुन्हा उद्भवले आहेत. एप्रिल 2024 मध्ये आम्ही मागील गॅलरीत एक नळ बसवला असून त्याची पावती सोबत आहे.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, 2016, कलम 14 (3) तसेच करारनाम्यातील संबंधित कलमानुसार, प्रथम पाण्याच्या चाचणीने कारण निश्चित करून, हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत विनाशुल्क दुरुस्ती करून द्यावी, ही विनंती. पाहणीसाठी रोज सायंकाळी पाचनंतर आम्ही घरी असतो.”

सोबत फोटोंच्या प्रती, ताबापत्राची प्रत आणि पावती. सगळे मिळून दीड पान. गच्ची सर्वांची असल्याने वरच्या मजल्यावरच्या आणखी दोन कुटुंबांनी आपापल्या छताचे मोजमाप देऊन वेगळी पत्रे लिहिली. 22 जुलैला रजिस्टर पोस्टाने पत्र गेले आणि पोचपावतीवर 25 जुलैची सही आली. (आता रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. पोचपावती किंवा पोचवल्याचा पुरावा मात्र मागून घ्यावा.)

यांना वाटले होते तसे संबंध तुटले नाहीत. 12 ऑगस्टला बिल्डर त्यांच्या इंजिनिअरसह आले. नळाचा मुद्दा त्यांनी काढलाच, पण तो पत्रात आधीच होता, तारखेसह. पाच मिनिटांत तो विषय संपला.

मग चाचण्या झाल्या. बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपचे तोंड चिंध्या आणि प्लॅस्टिकने घट्ट बंद करून फरशीवर इंचभर पाणी भरले, भिंतीवर पेन्सिलीची खूण केली आणि रात्रभर कोणी वापरले नाही. सकाळी पाणी अर्ध्यावर आले होते. त्या वेळी सगळे नळ बंद होते, म्हणजे दोष नळाच्या लाइनीत नसून फरशीत आणि ट्रॅपच्या सांध्यात होता. पुढे दोन दिवस उघाड मिळाली तेव्हा गच्चीवरच्या पाइपचे तोंड बंद करून दोन इंच पाणी तुंबवले. चोवीस तास ठेवायचे ठरले होते, पण अम्मींच्या खोलीतला कोपरा संध्याकाळीच थेंब धरू लागला. इंजिनिअर काही बोलले नाहीत. वहीत लिहून घेतले.

बाथरूमचे काम ऑगस्टमध्येच झाले. ट्रॅपभोवतीच्या फरश्या काढल्या, सांधा नव्याने भरला, वॉटरप्रूफिंग केले, आणि फरशी बसवण्याआधी पुन्हा पाणी भरून पाहिले. हे ‘फरशी बसवण्याआधी’ मी आग्रहाने करून घेतले.

गच्चीवर मात्र अडचण आली. बिल्डर म्हणाले, “ओल्या गच्चीवर वॉटरप्रूफिंग टिकत नाही, पावसाळा संपू द्या.” मी मामूंना विचारले. ते म्हणाले, बरोबर आहे, तीस दिवसांच्या हट्टाने आता करून घेतलेस तर वाया जाईल. मग आम्ही मुदत वाढवून दिली, पण त्यांच्या सहीच्या कागदावर. दोष मान्य, काम ऑक्टोबरअखेरपर्यंत, तोवर कोपऱ्यावर ताडपत्री. अम्मींचा पलंग हॉलमध्ये आणला. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात कठड्याची गोलाई आणि पाइपचे तोंड नव्याने झाले. 2025 च्या पावसाळ्यात तो कोपरा कोरडा राहिला, अल्हम्दुलिल्लाह, आणि अम्मी आपल्या खोलीत परत गेल्या.

पत्राला उत्तरच आले नसते तर पुढची पायरी महारेराकडे ऑनलाइन तक्रार ही होती. त्यासाठी पाच हजार रुपये शुल्क आहे, आणि तिथे पहिली कागदपत्रे लागतात ती हीच, करारनामा, ताबापत्र, पत्र आणि पोचपावती. आपल्या तालुक्याच्या गावांत एक गोष्ट आधी पाहावी. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा आठ फ्लॅटपर्यंतच्या प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही, आणि आपल्याकडच्या पुष्कळ इमारती तशा आहेत. त्यांच्यासाठी 1963 चा मोफा कायदा आहे, त्यात दोष कळवण्याची मुदत ताब्यापासून तीन वर्षांची आहे. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला असतो, पण तिथे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावे लागते. म्हणून पाच वर्षे आहेत असे समजून थांबण्यात फायदा नाही. ओल दिसली त्या आठवड्यात लिहावे.

आमचे सगळे मिटले असे मात्र नाही. मामूंची काच तडकली नाही, त्यामुळे घर खचत नाही एवढी खात्री झाली. हॉलमधली भेग फोडून, जाळी मारून, गिलावा करून दिला. ती पुन्हा उमटली नाही. तुळईखालची भेग मात्र नुसती खाचून मसाल्याने भरली होती, तिथे जाळी मारलीच नाही. 2025 च्या मेमध्ये ऊन तापले तशी केसासारखी रेघ तिथे परत दिसली. मी पेन्सिलीने टोकांना खुणा केल्या, तारीख घातली, आणि दुसरे पत्र पाठवले. या वेळी ते अर्ध्या पानाचे होते. बिल्डरनी दिवाळीनंतर करतो म्हटले. मी म्हटले, तेवढे लिहून द्या. त्यांनी हसत लिहून दिले.

आमची पाच वर्षांची मुदत 13 फेब्रुवारी 2029 ला संपेल. ही तारीख ताबापत्राच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवली आहे. दर मेमध्ये आणि दर जुलैमध्ये मी पट्टी आणि पेन्सिल घेऊन भिंतींवरून एक फेरी मारते. अम्मी पलंगावरून विचारतात, “काय, पेपर तपासतेस का?”

या वर्षी सहामाहीत मी नवा विषय दिला, ‘तुमच्या नव्या घराच्या भिंतीला ओल आली आहे.’ एका मुलीने लिहिले, ‘आमच्या घरात फार पाणी गळते, कृपया लक्ष द्यावे.’ मी रेघ मारली आणि बाजूला लिहिले, पाऊस असताना, की नसतानाही?